फुटलेलं मेयोनेज आणि चमचाभर पाणी

मेयोनेज फुटलं की पहिला संशय अंड्यावर जातो. बलक शिळा असेल, लहान असेल, एकाच्या जागी दोन घ्यायला हवे होते, असं म्हणत लोक आणखी एक अंडं फोडतात, नाहीतर सगळं मिश्रण ओतून देतात. बहुतेक वेळा बलकाचा काहीही दोष नसतो. कमी पडलेलं असतं ते पाणी. आणि पाण्याचा विचार कुणाच्या मनातही येत नाही, कारण मेयोनेजच्या साहित्याच्या यादीत पाणी सहसा लिहिलेलंच नसतं. अंड्याचा पिवळा बलक, तेल, लिंबू किंवा व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि मीठ, एवढीच यादी असते.

तरीही पाणी त्यात असतंच. मोठ्या अंड्याचा बलक साधारण १७ ग्रॅमचा असतो आणि त्यातलं निम्मं वजन पाण्याचं असतं. लिंबाचा रस जवळजवळ सगळाच पाणी. मोहरीच्या पेस्टमध्येही बरंच पाणी असतं. एक बलक, एक मोठा चमचा रस आणि चहाचा एक चमचा मोहरीची पेस्ट घेतली, तर भांड्यात २५ मिलिलिटरच्या आसपास पाणी जमा होतं. एवढ्याशा पाण्यात आपल्याला १५० मिलिलिटर, म्हणजे त्याच्या सहापट तेल सामावून घ्यायचं असतं. ते कसं सामावतं हे एकदा नीट कळलं, की मेयोनेज फुटायची भीती जाते आणि फुटलं तरी ते परत जुळवता येतं.

तेल आणि पाणी एकत्र फेटलं की तेलाचे थेंब होतात. पण हात थांबला की ते पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि तेल वर येऊन बसतं. मेयोनेजमध्ये हे होत नाही, कारण बलकात लेसिथिन आणि प्रथिनं एकत्र बांधलेले सूक्ष्म कण असतात. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढ घेतं, तर दुसरं पाण्याकडे. व्हिस्कने तेलाचा थेंब तोडला की हे कण त्याच्या पृष्ठभागावर पसरतात आणि त्याच्याभोवती पातळ आवरण तयार करतात. मग दोन थेंब शेजारी आले तरी त्यांची आवरणं एकमेकांना आत शिरू देत नाहीत. तेल थेंबांच्या रूपात आत आणि पाणी त्यांच्याभोवती अखंड पसरलेलं, अशा या रचनेला इमल्शन म्हणतात. दूधही असंच इमल्शन आहे, पण त्यात स्निग्धांश थोडा आणि पाणी भरपूर. मेयोनेजमध्ये हे प्रमाण उलटं असतं, आणि सगळी नाजूक गोष्ट तिथेच आहे.

हाताने फेटलेल्या चांगल्या मेयोनेजमधला एक थेंब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका धरू या. त्या हिशेबाने एका मोठ्या चमच्यातल्या १५ मिलिलिटर तेलाचे जवळपास ३,००० कोटी थेंब होतात, आणि त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर तो सुमारे नऊ चौरस मीटर भरतो. म्हणजे चमचाभर तेल दहा बाय दहाच्या खोलीच्या फरशीएवढं पसरलं. १५० मिलिलिटर तेलाचा पृष्ठभाग दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढा होतो. एवढ्या सगळ्या जागेला एका बलकाला आवरण पुरवायचं असतं. आश्चर्य म्हणजे ते पुरतं, आणि पुरून उरतं.

हे पुरून उरणं फार दिवस कुणी मानत नव्हतं. ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुइझेट बर्टोल या तिघींचं फ्रेंच स्वयंपाकावरचं गाजलेलं पुस्तक १९६१ मध्ये अमेरिकेत आलं. त्यात सांगितलं होतं की एक मोठा बलक जास्तीत जास्त पाऊण कप, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर तेल धरू शकतो. त्यापुढे गेलात तर त्याची बांधून ठेवण्याची ताकद संपते. नवशिक्याने तर अर्ध्या कपावरच थांबावं. अन्नातल्या रसायनशास्त्रावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी पुढे ही समजूत तपासून पाहिली. एक बलक डझनभर कप तेलालाही पुरतो, फक्त तेल वाढेल तसं पाणीही वाढवत न्यायला हवं, हा त्यांचा निष्कर्ष. तेलाच्या सुमारे एक तृतीयांश इतका बलक, रस आणि पाणी यांचा एकत्रित ऐवज असावा, असं प्रमाण ते देतात.

चाइल्डबाईंचा सल्ला व्यवहारात चुकीचा नव्हता. त्यांच्या प्रमाणात पाऊण कपाच्या पुढे मेयोनेज खरोखरच फुटू लागतं. फक्त त्यामागचं कारण वेगळं होतं. एकाच आकाराचे गोळे कितीही दाटीवाटीने रचले तरी ते जास्तीत जास्त ७४ टक्के जागा व्यापतात, उरलेली जागा त्यांच्यामधल्या फटींची असते. आपल्या मोजमापात १५० मिलिलिटर तेल आणि बाकीचं सगळं मिळून सुमारे ३७ मिलिलिटर, म्हणजे तेल ८० टक्के झालं. ते मावतं, कारण थेंब लहानमोठे असतात, लहान थेंब फटीत बसतात, आणि बाकीचे एकमेकांवर दाबून चपटे होतात. असे दाबलेले थेंब सहज सरकू शकत नाहीत, म्हणून मेयोनेज घट्ट होतं. तेल घालत जावं तसं ते पातळ न होता आणखी दाटत जातं, त्याचं कारण हेच. पण तेल घालतच राहिलं की थेंबांमधला पाण्याचा पडदा पातळ होत होत कुठेतरी तुटतो. दोन थेंब एक होतात, तो मोठा थेंब शेजारच्याला गिळतो, आणि मग काही क्षणांत सगळं विरघळल्यासारखं सैल पडतं.

करायला घेण्याआधी कच्च्या अंड्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो. तो कवचावर असतो तसा कधीकधी आतही असतो, त्यामुळे अंडं धुतल्याने तो नक्की गेला असं म्हणता येत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी आणली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी ते करणं, साठवणं आणि विकणं बंद केलं. शोरमा किंवा मोमोच्या गाडीवर उन्हात तासन्‌तास उघडं राहिलेलं मेयोनेज डोळ्यांसमोर आणलं तर या निर्णयामागची काळजी पटते. घरी केलेलंही लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर आणि आजारी माणसं यांना कच्च्या बलकाचं देऊ नये. इतरांनीही ते लगेच फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावं.

ज्यांना धोका नको, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. एक बलक, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा पाणी वाटीत एकत्र करायचं. ती वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर धरून सतत ढवळत राहायचं आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरवर ७१ अंश सेल्सियस दिसलं की लगेच उतरवून थंड पाण्यात ठेवायची. नुसता बलक ७० अंशांच्या आसपास गोठतो, पण रस आणि पाण्याने तो सैल झालेला असल्यामुळे एवढी उष्णता सोसतो आणि फक्त दाटसर होतो. गाठी झाल्या तर मात्र तो बाद, कारण गोठलेली प्रथिनं थेंबावर आवरण म्हणून पसरत नाहीत. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नये. दाट झाला म्हणजे पुरेसा तापला, असं डोळ्यांनी ठरवता येत नाही. तापवलेला बलक थंड झाला की पुढची कृती कच्च्यासारखीच. त्यात रस आणि पाणी आधीच असल्यामुळे सुरुवातीचं मिश्रण थोडं पातळ असतं, म्हणून पहिले थेंब अधिकच सावकाश घालावे लागतात.

आता कृती. अंडं फ्रिजमधून काढून तासभर आधी बाहेर ठेवावं, कारण गार बलक जाड असतो आणि थेंबांवर हळू पसरतो. वाडगा गोल बुडाचा आणि जड असावा. खाली ओलं फडकं ठेवलं तर तो फिरत नाही आणि एक हात तेलासाठी मोकळा राहतो. बलकात दोन चिमटी मीठ, चहाचा एक चमचा मोहरीची पेस्ट आणि चहाचा एकच चमचा लिंबाचा रस घालावा. उरलेले दोन चमचे रस बाजूला ठेवावा. हे सगळं फेटून मिनिटभर तसंच राहू द्यावं. बलकातली काही प्रथिनं लहान कणांत अडकलेली असतात. मिठाने ते कण सुटे होतात आणि प्रथिनं कामाला मोकळी होतात. बलक थोडा गडद आणि चिकट दिसू लागतो, त्यावरून हे कळतं.

रस सगळा सुरुवातीलाच का घालायचा नाही? मिश्रण दाट असेल तर व्हिस्कची तार तेलाला नीट ताणून तोडते. पातळ मिश्रणात तेलाचा थेंब तारेपुढून निसटतो. म्हणून सुरुवात दाट बलकात करायची आणि थेंब दाटीवाटीने बसू लागले की उरलेला रस घालून त्यांना जागा करून द्यायची.

पहिला मोठा चमचाभर तेल अक्षरशः थेंबाथेंबाने जावं. थेंब पडला की तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत फेटायचं, मगच पुढचा. सगळ्या कामात घाई न चालणारी ही एवढीच पायरी आहे, आणि बहुतेकांची घाई इथेच होते. सुरुवातीला तेल थोडं आणि बलक-पाणी त्याच्याभोवती भरपूर असतं. अशा वेळी एकदम चमचाभर तेल ओतलं की त्याचे मोठे मोठे गोळे राहतात. व्हिस्क त्यांना तोडेपर्यंत ते एकमेकांत मिसळतात. एकदा मिश्रण क्रीमसारखं फिकट आणि दाट झालं की मात्र काम सोपं होतं. आधी तयार झालेले थेंबच नव्या तेलाला अडवतात आणि तारेसमोर धरतात, त्यामुळे आता बारीक धार चालते. ५०-६० मिलिलिटर तेल गेलं की रसाचा दुसरा चमचा, शंभरच्या पुढे गेलं की तिसरा. शेवटी ते व्हिस्कवरून पडताना जड घडी पडावी आणि पृष्ठभागावर मंद, सारखी चमक असावी.

ही चमक वाचायला शिकणं मला कुठल्याही प्रमाणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. फुटण्याच्या आधी मेयोनेज सूचना देतं. ते गरजेपेक्षा ताठ होतं, व्हिस्कमध्ये गोळा होऊन अडकतं, आणि तुपकट दिसू लागतं. व्हिस्कने पाडलेल्या खाचेत तेलाची चकाकी उतरते. वाडग्याच्या कडेला तवंगाची बारीक रेघ दिसते. या क्षणी तेल थांबवून चहाचा एक चमचा कोमट पाणी कडेने घातलं आणि फेटलं, तर अर्ध्या मिनिटात ते पुन्हा मऊ आणि फिकट होतं. पाण्याने मेयोनेज बिघडेल या भीतीने लोक हा चमचा टाळतात, आणि त्यामुळेच ते बिघडतं.

समजा, कुणी लिंबाचा रस शेवटी घालू म्हणून बाजूलाच ठेवला. वाडग्यात १७ ग्रॅमचा बलक, एक चमचा रस आणि एक चमचा मोहरी, म्हणजे तेलाखेरीज सगळं मिळून सुमारे २७ मिलिलिटर. तेल घालता घालता १६० मिलिलिटरवर मिश्रण मलमासारखं ताठ झालं. तेलाचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. तरीही आणखी दोन चमचे तेल ओतलं, आणि ते बघता बघता पातळ झालं, पिवळसर तेलात बलकाचे बारीक कण तरंगू लागले. आता जोरात फेटलं तर? काही होणार नाही. रचना उलटली आहे. आता तेल बाहेर अखंड पसरलंय आणि पाणी त्यात तुकड्या-तुकड्यांनी अडकलंय. व्हिस्क फिरवला की तो पाण्याचे तुकडे आणखी बारीक करतो, तेलाला हातही लागत नाही. म्हणूनच फुटलेल्या भांड्यात पाणी किंवा बलक घालून ते जुळत नाही. हे काम दुसऱ्याच भांड्यात करावं लागतं, जिथे सुरुवात पाण्यापासून होईल.

स्वच्छ वाडग्यात एक मोठा चमचा कोमट पाणी घ्यावं. फुटलेलं मिश्रण ढवळून त्यातला चहाचा एक चमचा या पाण्यात घालून फेटावा. तो दुधासारखा फिकट झाला की पुढचा अर्धा चमचा. असं तीन-चार वेळा झालं की पुन्हा दाट क्रीम दिसू लागतं, आणि मग उरलेलं मिश्रण बारीक धारेने घालता येतं. नवं अंडं लागत नाही. जुना बलक त्या तेलात सगळाच्या सगळा आहे, त्याला फक्त पसरायला पाणी हवं होतं. या चमचाभर पाण्याने तेलाचं प्रमाण ८० टक्क्यांवर येतं आणि शेवटी बाजूला ठेवलेला रस घातला की आणखी खाली. मेयोनेज पहिल्यापेक्षा थोडं मऊ होईल, पण टिकेल.

दुसऱ्या प्रकारात मेयोनेज कधी जुळतच नाही. चार-पाच चमचे तेल गेलं तरी वाडग्यात पिवळं, पातळ, तेलकट पाणीच दिसतं. इथे पाणी पुरेसं आहे, बलकही पुरेसा आहे. तेल सुरुवातीला एकदम गेलं, एवढीच चूक. त्यावरचा फ्रेंच स्वयंपाकघरातला जुना उपाय म्हणजे मोहरी. वाडगा गरम पाण्याने धुऊन पुसून घ्यावा, त्यात चहाचा एक चमचा मोहरीची पेस्ट आणि फुटलेल्या मिश्रणाचा एक मोठा चमचा घालून दोन्ही एकजीव होईपर्यंत फेटावं. मग उरलेलं चहाच्या चमच्याने, प्रत्येक चमचा पूर्ण जिरवत. मोहरीच्या सालात पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो आणि दळलेल्या दाण्याचे बारीक कण थेंबांच्या मध्ये बसतात, त्यामुळे सुरुवातीलाच मिश्रणाला दाटपणा येतो. आपल्याकडची फेसलेली मोहरीही या कामाला घेता येईल. तिचा झणका जास्त असतो, म्हणून अर्धाच चमचा. मोहरी नको असेल तर नवा बलक घ्यावा आणि फुटलेलं मिश्रण तेल समजून त्यात थेंबाथेंबाने घालावं. हा उपाय सहसा हमखास लागू पडतो, पण मेयोनेज अंड्याच्या चवीला जड होतं.

मिक्सरवर करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. एक बलक चटणीच्या भांड्यातही पात्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. तो कडेला चिकटतो आणि तेल पात्यांत नुसतंच फिरत राहतं. म्हणून मिक्सरमध्ये आख्खं अंडं घ्यावं. पांढऱ्या बलकात नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे तेल धरायला जागाही जास्त मिळते, आणि २०० मिलिलिटर तेल सहज बसतं. थोड्या थोड्या वेळाने बंद करत फिरवावं, कारण भांडं तापलं की आवरणं सैल पडतात. हँड ब्लेंडर असेल तर त्याच्या तोंडापेक्षा जेमतेम रुंद, उंच बरणी घ्यावी. तळाला अंडं, रस, मीठ आणि मोहरी, वर सगळं तेल ओतून दोन मिनिटं स्थिर होऊ द्यावं. मग ब्लेंडर अगदी तळाला टेकवून सुरू करावा आणि खाली पांढरं दाट झालेलं दिसल्यावरच हळूहळू वर घ्यावा. पाती पाण्यात असतात आणि वरचं तेल भोवऱ्यातून थोडं थोडं खाली ओढलं जातं, म्हणजे थेंब-थेंब तेल घालण्याचं काम बरणीच करते. बरणी रुंद असली की तेल बाजूने एकदम आत शिरतं आणि सगळं फुटतं.

तेल कुठलं घ्यावं याचा संबंध मुख्यतः फ्रिजशी आहे. शेंगदाणा तेल आणि ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये ठेवलं की गढूळ होऊन थिजू लागतं. थेंबाच्या आत हे स्फटिक वाढतात, त्यांची टोकं आवरणाला भोकं पाडतात, आणि बाहेर काढून मेयोनेज कोमट झालं की त्याच भोकांतून तेल वाहून एकत्र येतं. खोबरेल तर फ्रिजमध्ये घट्टच होतं, त्याचं मेयोनेज लगेच खायचं असेल तरच करावं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलात थोडी वेगळी रसायनंही असतात जी थेंबाच्या पृष्ठभागावरची बलकाची जागा घेतात, आणि नुसत्या त्या तेलाचं मेयोनेज तास-दोन तासांत आपोआप सुटू शकतं. शिवाय ब्लेंडरमध्ये ते कडू होतं. चवीसाठी पाव भाग घ्यावं, बाकीचं साधं तेल. सूर्यफूल चांगलं, पण माझी पसंती रिफाइंड करडई तेलाला आहे. सोलापूर आणि मराठवाड्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जाणारं हे तेल फ्रिजच्या थंडीत अजिबात थिजत नाही, आणि रिफाइंड केल्यावर त्याला स्वतःची फारशी चव उरत नाही, त्यामुळे लिंबू आणि मोहरी पुढे येतात.

मेयोनेज फ्रिजच्या मागच्या, सर्वांत गार कोपऱ्यात ठेवू नये, आणि फ्रीझरमध्ये तर नाहीच. तिथे पाणीच गोठतं, आणि बर्फाचे स्फटिक आवरणं पार चिरून टाकतात. फ्रिजमध्ये सुटलेलं मेयोनेज गारच फेटायला घेतलं तर जुळत नाही. त्याच दिवशी केलेलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेवून तेल पूर्ण वितळू द्यावं, आणि मग स्वच्छ वाडग्यात चमचाभर कोमट पाण्यापासून वरच्याच पद्धतीने सुरुवात करावी. ते सहसा परत येतं. जे तासन्‌तास उकाड्यात बाहेर राहिलंय, ते दिसायला कितीही चांगलं असलं तरी जुळवण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावं, आणि ज्यात बलकच शिजून त्याचा रवा झालाय, त्यातलं तेल गाळून घेऊन नव्या बलकावर नवीन मेयोनेज करायला घ्यावं.